तूट घटली, ढीग वाढला

एप्रिल १९९४, सोमवार, सकाळी साडेदहा. धुळ्याच्या एका महाविद्यालयातलं बारावीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचं केंद्र. विषय अर्थशास्त्र. आमच्या टेबलावर हजर: नियामक, म्हणजे आम्ही तपासलेलं पुन्हा पाहणारे ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांना सगळे नाना म्हणत; पाचोऱ्याच्या बाई; दोंडाईचाचे सर; आणि जळगावची मी. हजेरी, गठ्ठ्यांची नोंद आणि चहाचा हिशेब माझ्याकडे असे, कारण दुसरं कुणी ते नीट ठेवत नसे.

एक प्रश्न होता : 'राजकोषीय तूट कमी झाली की देशाचे कर्ज कमी होते. चूक की बरोबर, सकारण लिहा.' नानांच्या नमुना उत्तरात 'बरोबर' होतं. त्यांनी लिहिलेल्या गाईडमध्येही तेच छापलेलं. आम्ही त्याबरहुकूम तपासत होतो, मीसुद्धा. वेग चांगला होता.

अकराच्या सुमारास बाई थांबल्या. "नाना, या गठ्ठ्यात सगळ्यांनी 'चूक' लिहिलंय. आणि सगळीकडे कापसाच्या गाड्या न् ढीग."

नानांनी चार-पाच पेपर चाळले. "एकच उदाहरण? ही सामूहिक कॉपी आहे. अहवाल पाठवू. निकाल राखून ठेवतील."

निकाल राखून ठेवला की त्या मुलांचा पुढचा प्रवेश गेला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दोंडाईचाच्या सरांनी पेन खाली ठेवलं. गठ्ठ्यावर परीक्षा केंद्राचं नाव नसे, फक्त सांकेतिक क्रमांक. पण त्यांचा चेहरा बघून मला कळलं. मुलं त्यांच्याच वर्गातली होती. तसं म्हटलं असतं, तर गुप्तता मोडली म्हणून तेच अडकले असते.

"नाना, कॉपीचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी उत्तर चूक आहे का ते बघू या."

"म्हणजे माझं चूक?"

"मी फक्त आकडे मांडतो."

त्यांनी फळ्यावर लिहिलं. सरकारची वर्षाची मिळकत शंभर, खर्च एकशे दहा. दहा कमी पडले, ही त्या वर्षाची तूट. ती कर्ज काढून भागवली. आधीचं न फिटलेलं कर्ज पन्नास होतं, ते साठ झालं. दुसऱ्या वर्षी मिळकत शंभरच, खर्च एकशे सहा.

"तूट किती?"

"सहा," नाना म्हणाले. "घटली की."

"आणि कर्ज?"

नानांनी फळ्यावरच्या साठात सहा मिळवले. "सहासष्ट."

"म्हणजे तूट एका वर्षाची, कर्ज आजवरच्या सगळ्या वर्षांचं. तूट कमी झाली की कर्ज हळू वाढतं, एवढंच. रक्कम घटायची तर मिळकत खर्चापेक्षा जास्त हवी, आणि उरलेल्यातून जुनं फेडायला हवं."

बाई पेपरातलं वाचू लागल्या. "हेच लिहिलंय हो. जिनिंगच्या आवारात काल कापसाच्या दहा गाड्या सरकी काढायच्या राहिल्या, आज आलेल्यांतल्या सहाच राहिल्या. ढीग मात्र वाढलाच."

नाना हसले आणि धुळ्याच्या आपल्या बोलीवर आले. "बठ्ठा ढीग तठेच शे, म्हन!" सगळा ढीग तिथेच आहे म्हणायचा! मग पुन्हा गंभीर झाले. "उत्तर मान्य. पण तीस मुलांनी एकच उदाहरण दिलं, त्याचं काय?"

मी पाच पेपर शेजारी शेजारी ठेवले. एकात गाड्या दहा आणि सहा, दुसऱ्यात वीस आणि पाच. एकाची बेरीज चुकलेली, पण ती दुसऱ्या कुणाच्या पेपरात नव्हती. "नाना, कॉपी केली असती तर आकडेही तेच आले असते. हे वर्गात शिकवलेलं दिसतं."

"कोणीतरी शिकवलंय खरं," नाना सरांकडे न बघता म्हणाले. "आपल्या गाईडवर त्याचा विश्वास नसावा."

"गाईड चांगलं आहे, नाना," सर म्हणाले. "एवढं एक पान सोडून."

अहवाल गेला नाही. नानांनी नमुना उत्तर स्वतःच्या हातानं खोडलं आणि 'चूक' लिहून खाली सही केली. चहा झाल्यावर तपासून झालेले गठ्ठे आम्ही पुन्हा उघडले. बाई कुरकुरल्या, तरी पहिला गठ्ठा त्यांनीच ओढला. संध्याकाळच्या दोंडाईचाच्या गाडीसाठी सर निघाले, तेव्हा मला म्हणाले, "बाई, पेपरांतले आकडे ताडून बघायचं मला सुचलंच नसतं." ती मुलं कुठल्या केंद्रातली, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

निघताना नाना म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत ते पान बदलायचं. मला पत्र टाकून आठवण करा." मी ते कामांच्या यादीत शेवटी लिहिलं. पत्र मी टाकलं. नानांनी दुरुस्ती करून पानही पाठवलं, प्रकाशकाकडे मीच टपालानं धाडावं म्हणून. ते पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याला अजून तिकीट लावायचं आहे.