हालीचा पगार, कलदारचा कर

परभणीच्या जिनिंगात मी कारकून होतो. क्षयानं अंथरुणाला खिळलेली बायको अकोल्याला, इंग्रजी मुलखात. पगार तिकडेच धाडायचो, म्हणून कर इंग्रजांचा. पगार मात्र निजामाच्या हाली रुपयांत मिळायचा. आमच्या कंपनीच्या मुंबईच्या पगार कचेरीनं तो आकडा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयांचा समजून कर कापायला सुरुवात केली. तिकडे औषधाच्या बाटलीलाही पैसे पुरेनात.

दोन पत्रांना उत्तर आलं नाही. तिसरं मी चिडून लिहिलं, आणि शेवटी हातही जोडले: "दरमहा हाली १७५, म्हणजे कलदार १५०. वर्षाचे कलदार १८००. कर दोन हजारांच्या वर लागतो. सहा महिने दरमहा हाली अडीच रुपये कापले. ते पंधरा परत द्यावेत, पुढे काही कापू नये. घरात आजारी माणूस आहे."

पुढच्या पगाराला खजिनदार हसत म्हणाला, "झालं बघा तुमचं काम. पंधरा बी आलेत, आन् कर बी कापला न्हाई."

मी नोटा मोजल्या. कचेरीनं माझं म्हणणं मान्य केलं होतं. पगारपत्रकावर १७५ खोडून पगार १५० लिहिला होता.

आणि ते दीडशे मला हालीतच दिले होते.