तरंगणारा माणूस आणि ताईचा पाय

ताईचा पाय टाकून द्यायला मी सांगितलं. हॉस्पिटलमधल्या बाईंनी फोनवर दोनदा विचारलं, "नक्की ना?" दोन्ही वेळा मी हो म्हणालो. पाय माझा नव्हता आणि निर्णयही माझा नव्हता.

ताई माझी थोरली बहीण. इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनला तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालेली, एकटीच राहणारी. डायबेटिसने डावा पाय गुडघ्याखालून काढायचा ठरला, तेव्हा तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"कापलेलं सगळं कुठे जातं ते मला माहितीये," ती म्हणाली. "क्लिनिकल वेस्टमध्ये, जाळायच्या कचऱ्यात. माझा पाय तिथे नको. आधी लिहून दिलं तर ते परत देतात. मी फॉर्म भरलाय, तुझा नंबर दिलाय. तू फक्त अंत्यसंस्कार करून देणारा एखादा फ्युनरल डायरेक्टर गाठ आणि पाय कुठेतरी मातीत पुरून घे."

"ताई, तू तर देवालाही हात जोडत नाहीस."

"देवाचा काय संबंध? बासष्ट वर्षं या पायावर उभी राहिलेय मी."

मी हो म्हणालो. मी लंडनला हॅरोमधल्या एका शाळेत सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना, तत्त्वज्ञान शिकवतो. त्या आठवड्यात वर्गात हजार वर्षांपूर्वीच्या एका इराणी हकिमाचा विचारप्रयोग चालू होता. तो सांगतो : कल्पना करा, तुम्ही एका क्षणात पूर्ण वाढलेले असे निर्माण झालात. डोळ्यांवर पडदा आहे. तुम्ही हवेत तरंगताय, पण हवेचा स्पर्शही जाणवत नाही. हातपाय असे फाकलेले की एक अवयव दुसऱ्याला लागत नाही. आठवण म्हणावी तर तीही नाही, कारण आत्ताच जन्मलात. आता या माणसाला 'मी आहे' हे कळेल का? हकीम म्हणतो, नक्की कळेल. आपल्याला हात आहेत, काळीज आहे, मेंदू आहे, हे तो सांगू शकणार नाही. स्वतःला लांबी-रुंदी आहे असंही म्हणणार नाही. त्या अवस्थेत त्याच्या मनात एखाद्या हाताची कल्पना आलीच, तरी तो हात 'मी'चा भाग आहे असं त्याला वाटणार नाही. म्हणजे ज्याची त्याला खात्री आहे ते वेगळं आणि ज्याची खात्री नाही ते वेगळं. 'मी' म्हणजे शरीर नव्हे. अवयव कपड्यांसारखे आहेत. इतकी वर्षं अंगावर राहिलेत की ते आपणच आहोत असं वाटायला लागतं.

हे सगळं मी वर्गात फार छान रंगवून सांगितलं. फ्युनरल डायरेक्टरला फोन मात्र केला नाही. रोज उद्यावर ढकलत राहिलो. "मला एक पाय पुरायचाय" हे वाक्य इंग्रजीत कसं म्हणायचं, याचीच मला लाज वाटत होती. दोन आठवड्यांनी त्या बाईंचा फोन आला : आता आणखी ठेवता येणार नाही, कोणी न्यायला येणार आहे का? मी स्टाफरूममध्ये होतो. मनात आलं, शेवटी कपडाच तो. आणि मी म्हणालो, "नको, तुम्हीच विल्हेवाट लावा."

ताई घरी आल्यावर एका शनिवारी तिला भेटायला गेलो. चहा तिनेच केला होता, व्हीलचेअरवर बसून. कप माझ्या हातात देत तिने विचारलं, "कुठे पुरलास?"

खोटं बोलायचं ठरवून आलो होतो. पण तिच्याकडे बघून खोटं सुचेना, म्हणून त्याहून वाईट ते केलं. तिला तरंगणारा माणूस समजावून सांगितला, अगदी वर्गात सांगतो तसा, हातवारे करून. शेवटी म्हणालो, "पाय गेला म्हणून तू कणभरही कमी झाली नाहीस, ताई. तो तुझा कपडा होता. मी हॉस्पिटललाच टाकायला सांगितला."

तिने खाली, पाय संपत होता तिथे बघितलं. मग म्हणाली, "आत्ता त्या कपड्याचा अंगठा पिळवटल्यासारखा दुखतोय."

"जे नाहीच ते दुखेल कसं?"

हे मी बोललो. अजून ते वाक्य माझ्याच आवाजात मला ऐकू येतं.

"वा, मास्तर," ती म्हणाली. "तुझ्या हकिमाच्या माणसाला पाय आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. मला पाय नाही आणि तो मला क्षणभर विसरता येत नाही. तुझा माणूस माझ्याबद्दल काय सांगणार?"

"मुद्दा तत्त्वाचा आहे गं—"

"मग तत्त्वाचं ऐक. एकदा चालू ऑपरेशनमध्ये मला दुसऱ्या डॉक्टरच्या जागी बोलावलं. पेशंटचा चेहरा झाकलेला, तोंडात नळी. तासभर त्याचा श्वास मी सांभाळला. नंतर कळलं, तो आमच्या शेजारचा माणूस. पेशंट आहे हे मला माहीत होतं, शेजारी आहे हे माहीत नव्हतं. म्हणून काय ती दोन माणसं झाली? तुझ्या माणसाला शरीर माहीत नाही, एवढंच ठरतं. तो शरीर नाही, हे कुठून आणलंस?"

हा आक्षेप मी दरवर्षी मुलांना शिकवतो. बरोबर उत्तराला गुणही देतो. त्या दिवशी तिच्यासमोर मी पडेल आवाजात म्हणालो, "हकीम याला पुरावा म्हणतच नाही पूर्णपणे. तो म्हणतो ही एक खूण आहे, ज्याला स्वतः बघता येतं त्याच्यासाठी."

"तू बघितलंस का पण? बरं, मान्य करते सगळं. मी वेगळी, पाय वेगळा. कपडाच म्हण." तिने कप ठेवला. "माझा कपडा तू कुणाला विचारून टाकलास?"

"तुझ्या भल्यासाठीच..." असं काहीतरी पुटपुटलो.

"नीघ," ती म्हणाली. "आणि येताना पुन्हा एखादा हकीम आणू नकोस."

मी निघालो. हॅरोला पोचेपर्यंत गाडीत मी मनात तिच्याशी वादच घालत होतो. पुढचे तीन महिने ती माझे फोन उचलत नव्हती. मी लांबलचक मेसेज लिहायचो. हकिमाच्या मते आत्मा शरीराबरोबरच जन्मतो, शरीराची काळजी घेणं हेच त्याचं काम, हातपाय त्याची साधनं, त्यांच्यातली वेदना भोगणारा तोच, असं सगळं त्यात असायचं. म्हणजे मी त्याचा अर्धाच विचार उचलला होता. आत्मा वेगळा म्हणून शरीर फेकून द्या, असं तो कुठेच म्हणत नाही. हे सगळं खरं होतं. तिने एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही आणि तेही बरोबरच होतं. मी अजून हकिमाचीच चूक दुरुस्त करत होतो, माझी नाही.

शेवटी मार्चमध्ये न कळवता तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिने दार उघडलं, नवा कृत्रिम पाय लावून, भिंतीला धरून. आत ये म्हणाली नाही.

"साध्या मराठीत बोल," ती म्हणाली. "तत्त्वज्ञान नको. उभं राहायला त्रास होतो मला."

"ताई, तू मला एक फोन करायला सांगितलास. मला लाज वाटली, किळस वाटली, कंटाळा आला, म्हणून मी तो केला नाही. नंतर ते झाकायला तुला आत्मा शिकवला. तुला दुखत होतं आणि मी तुझी परीक्षा घेतली. पाय तुझा होता. तो कुठे जावा हे तू सांगितलं होतंस, आणि मी तो टाकला. आता तो परत आणता येत नाही. माझं चुकलं. मला माफ कर."