मंडळीचं नाव आणि सहा आकडे

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीला शाळा पेणला होती आणि मला पेणला जायचं नव्हतं. एवढंच कारण. तरी पुढं आयुष्यभर मी चारचौघांत असा बोलत आलो, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस मॅट्रिक तरी असणार.

यंदा मंडळीला, म्हणजे बायकोला, कुडाळला जायचं होतं. तिकडं तिची थोरली बहीण असते. तिचं आता अंथरुणावरून उठणं कमी झालंय. तिनं फोनवर सांगितलं, "यंदाच्या गणपतीत ये गो. पुढल्या वर्षाचं मी काय सांगू नाय शकत." आमचा गणपती दीड दिवसाचा, त्यांचा अकरा दिवसांचा. म्हणजे आपला बोळवून तिकडं जाता येत होतं. पण मंडळीचे गुडघे गेलेत. एसटीत एवढे तास बसणं तिला जमणार नाय. रेल्वेत आडवं व्हायला खालची जागा मिळाली तरच जाणं, नायतर नाय.

मागल्या वर्षी रोह्याच्या खिडकीवर रांगेत उभा राहून मी वेटिंगचं तिकीट आणलं होतं. ते वेटिंगच राहिलं. यंदा मुलगी म्हणाली, "बाबा, मी काढून देते." मी म्हटलं, "मला काय हात नायत?" तिनंच घेऊन दिलेल्या मोबाईलमध्ये तिनंच ॲप टाकून दिलं होतं, ही गोष्ट मी त्या वेळी सोयीनं विसरलो.

बुकिंग दोन महिने आधी सकाळी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणून प्रवाशांची माहिती आधीच भरून ठेवायची सोय असते. आदल्या दिवशी मी ती भरली. जन्मतारीख दोघांची एकच, एक जून. गुरुजींनी त्या काळी अर्ध्या गावाला एक जूनलाच जन्माला घातलं होतं. बर्थ कुठला हवा, तर तिला खालचा. मला? मी वरचा टाकला. मी काय म्हातारा हाय?

नावाच्या जागी माझं नाव टाकलं आणि तिच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं शोधून शोधून लिहिलं, 'आमची मंडळी'.

आमच्या जिते स्टेशनाबाहेर चहाचं दुकान आहे, तिथं रेंज चांगली येते, म्हणून तिथंच बसलो होतो. चहावाल्यानं माझ्या खांद्यावरून बघितलं.

"काका, हे काय लिवलाव? टीसी आधार कार्ड बघतो. त्याच्यावर मंडळी लिवलंय काय?"

"मला माहीत हाय," मी म्हटलं. "तपासून बघत होतो, घेतंय का." मग पाठ फिरवून आधार कार्डावरचं नाव एकेक अक्षर लावून टाकलं. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाय. मीही कधी घेतलं नव्हतं. अगो म्हटलं की ती बघते. लग्नात तिनं उखाणा घेतला. माझी पाळी आली तेव्हा मी जेवायला बसलो. बोटानं लिहिणं मात्र घेण्यात मोडत नाय, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी बुकिंग उघडायच्या आधीच त्या दुकानात जाऊन बसलो. मंडळी हमरापूरला कारखान्यात होती. सीझनला ती तिथं गणपती रंगवायला जाते. बुकिंग उघडलं. गाडी निवडली, चढायचं रोह्याहून. साठवलेल्या यादीतून दोन्ही नावांवर टिचकी मारली, भरली गेली. एटीएम कार्डाचा नंबर टाकला, पाठचे तीन आकडे टाकले. चहावाला म्हणाला, "काका, तुम्ही तर साहेब झालात." मी मिशीवरून हात फिरवला.

मग पानावर आलं, बँकेला दिलेल्या नंबरावर ओटीपी पाठवलाय.

माझ्या फोनवर काहीच आलं नाय. मी फोन हलवून बघितला. मग आठवलं. बँकेत खातं उघडलं तेव्हा मी ऐटीत म्हटलं होतं, "मी तो मोबाईलचा डबा बाळगत नाय, बायकोचा नंबर लिहा." ओटीपी हमरापूरला गेला होता, रंगाच्या डब्यांत.

माझ्या फोनवरून लावावा तर ते पान जाईल अशी भीती. आणि पैसे भरून होईपर्यंत जागा आपली नाय. म्हणून चहावाल्याचा फोन घेतला. तिचा नंबर मला पाठ आहे.

"कोण?" पलीकडून स्प्रेच्या मशीनचा आवाज येत होता.

"मी. तुझ्या फोनवर आकडे आलेत, ते सांग."

"कोण मी?"

"अगो, मी. घरचा."

"हा नंबर घरचा नाय. आकडे कुणाला सांगायचे नायत. आमच्या ह्यांनी बजावलंय."

बजावलं होतं खरं. मागं तिला कुणीतरी फोन करून, वीज कापतो म्हणून आकडे मागितले होते. ती सांगणारच होती. तेव्हा मी घरात येरझाऱ्या घालून भाषण केलं होतं, "अगदी मी मागितले तरी सांगायचे नायत. आजकाल आवाजपण खोटा काढतात." हे भाषण मग मी आळीतही चार ठिकाणी केलं.

"ते मीच बोललो होतो ना," मी म्हटलं.

"खोटा आवाजपण हेच बोलंल."

तोवर पानावरची सेकंदं संपली. मी पुन्हा पाठवा, हे दाबलं. चहावाला ओठ दाबून कप पुसत होता. "विचार काहीपण," मी फोनात ओरडलो. "घरातलं काहीपण विचार."

मशीनचा आवाज थांबला. पलीकडं बायका कुजबुजल्या. मग ती सावकाश म्हणाली, "बरं. माझं नाव सांगा."

"नाव कशाला? म्हशीचं विचार, दागिन्यांचं विचार."

"म्हशीचं चोराला पण ठाऊक असंल. नाव सांगा, नायतर ठेवते."

ती मला ओळखत होती, हे मला कळत होतं. मी ते ओळखलंय हे तिला कळत होतं. आणि जागा जात होत्या. मी दुकानाच्या मागं जायला निघालो, पण तिकडं रेंज नव्हती. तेव्हा तिथंच, गाडीची वाट बघणाऱ्या पाच-सहा माणसांसमोर, घेतलं. हळू घेतलं.

"आवाज येत नाय," ती म्हणाली.

मोठ्यानं घेतलं. पलीकडं बायकांचा असा हशा उठला की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग तिनं आकडे सांगितले. टाकले, तर चुकीचे. तिनं पहिल्या मेसेजातले वाचले होते. "खालचा वाच, नवा वाच," मी म्हटलं, आणि घाईत पुन्हा नाव तोंडातून गेलं. या वेळी कुणी मागितलंही नव्हतं.

नवे सहा आकडे टाकले. पान गोल गोल फिरलं. मग दोन्ही जागा कन्फर्म आल्या. तिला खालची, मला वरची. ॲप निदान माझा मान राखतं.

दीड दिवसाचा बोळवून आम्ही रोह्याला गाडीत चढलो. वर चढताना माझा एक पाय शिडीवर आणि एक पाय समोरच्या बाईच्या पिशवीवर, असा मी बराच वेळ राहिलो. मंडळी खाली पाय पसरून मजेत बघत होती. "काय वो, म्हातारे झालाव काय?"

टीसी आला. त्यानं माझं नाव विचारलं, मी वरून सांगितलं. "आणि या बाई?"

मी सवयीनं तिचं आधार कार्ड काढायला खिशात हात घातला. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती, पण कान इकडं होता. मी कार्ड खिशातच राहू दिलं आणि नाव सांगितलं. टीसीनं खूण केली आणि तो पुढं गेला.

तिनं मान वळवली नाय. थोड्या वेळानं डब्यातला उरलेला मोदक तेवढा वर सरकवला. कुडाळ यायला अजून पुष्कळ वेळ होता, आणि तिकडं तिची बहीण दोन वेळा फोन करून विचारून झाली होती, कुठवर आलात.

नाव मी इथं लिहीत नाय. ते घेण्यात मोडतं की नाय, याचा आता मला भरवसा राहिलेला नाय.