‘वापरू नये’ असा रकाना

दुग्धशाळेतल्या यंत्रांच्या पुस्तिका मराठीत करायचं काम आलं तेव्हा मी झाशीत, लक्ष्मी गेटच्या आतल्या आमच्या घरात, वरच्या खोलीत बसून भाषांतर करत होते. पुण्याच्या एका भाषांतर संस्थेसाठी मी बरीच वर्षं काम करते आहे. तिथली समन्वयक वयाने माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणते. ती फोनवर म्हणाली, “ताई, काम मोठं आहे. दूध तापवण्याची यंत्रं, पाइप, पंप, साफसफाई, सगळं. पाच भाषांतरकार लागतील. आधी शब्दसूची तुम्ही करून द्याल?”

मी आनंदाने हो म्हटलं. एकच पुस्तिका पाच जण लिहिणार असतील तर कोणत्या इंग्रजी शब्दाला कोणता मराठी शब्द, हे आधी ठरायलाच हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, प्रत्येक प्रकरणात वेगळंच यंत्र आहे.

मूळ इंग्रजी फायली मागवून मी वारंवार येणारे शब्द वेगळे काढले. प्रत्येकासमोर तो आलेलं एक वाक्य ठेवलं, कारण एकट्या शब्दावरून काही ठरत नाही. ‘क्लोज द व्हॉल्व्ह’ आणि ‘स्विच ऑफ द पंप’ या दोन्हींना आपण सहज ‘बंद करा’ म्हणतो. पण तिसऱ्या ठिकाणी ‘आयसोलेट’ आहे. तिथे नुसतं बटण बंद करून चालत नाही. वीजपुरवठा तोडून, कुलूप लावून ठेवायचं असतं, म्हणजे आत हात घालून काम करणाऱ्याच्या अंगावर कुणी यंत्र चालू करणार नाही. त्यासाठी ‘पुरवठा तोडून कुलूपबंद करा’ असं मी लिहिलं. लांब झालं, पण माणसाचा हात वाचेल असं झालं.

मग लिंग. इंग्रजी शब्द मराठीत घेतला की त्याला तो, ती किंवा ते व्हावंच लागतं, आणि इथे पाच जणांची पाच मतं असतात. म्हणून व्हॉल्व्ह पुल्लिंगी, टाकी स्त्रीलिंगी, गॅस्केट नपुंसकलिंगी, असं प्रत्येकासमोर नोंदवलं. धोक्याच्या सूचनांचे चार दर्जे होते. ‘डेंजर’ला धोका, ‘वॉर्निंग’ला इशारा, ‘कॉशन’ला सावधान आणि ‘नोटिस’ला सूचना. यांत अदलाबदल चालत नाही. पहिल्यात जीव जातोच, दुसऱ्यात जाऊ शकतो, तिसऱ्यात लहानसहान इजा होते, चौथ्यात फक्त यंत्राचं नुकसान.

सगळ्यात जास्त विचार धुण्याच्या शब्दांवर केला. दुधाचे पाइप जागच्या जागीच, न उघडता धुतात. आधी पाण्याने, मग कॉस्टिक सोड्याने, पुन्हा पाण्याने, मग आम्लाने, पुन्हा पाण्याने, आणि शेवटी जंतुनाशकाने. इंग्रजीत पाण्याच्या धुण्याला ‘रिन्स’ आणि रसायनाच्या धुण्याला ‘वॉश’ असे स्वच्छ वेगळे शब्द होते. मी ‘रिन्स’ला ‘विसळणे’ आणि ‘वॉश’ला ‘धुणे’ लिहिलं. दुग्धशाळेतल्या अभियंत्यांना फोन करून विचारलंही. ते म्हणाले, “आमच्याकडे सगळे विसळणंच म्हणतात. बिनधास्त लिहा.”

आणि एक रकाना केला होता, ‘वापरू नये’. ज्या शब्दाने घोटाळा होईल, तो तिथे. ‘एम्प्टी द टँक’साठी मी ‘टाकी रिकामी करा’ हा शब्द ठरवला आणि ‘वापरू नये’ खाली लिहिलं, ‘टाकी खाली करा’. आमच्या झाशीत हिंदी इतकी कानावर पडते की घरात मीसुद्धा “बादली खाली कर” म्हणते आणि मुलगी “कर दी, आई” म्हणून ती रिकामी करून ठेवते. महाराष्ट्रातला माणूस मात्र बादली उचलून जमिनीवर ठेवील. मला हे ठाऊक होतं, म्हणूनच तो शब्द मी तिथे बंदिस्त केला होता.

यादी पाठवली. सगळ्या भाषांतरकारांची व्हिडिओ बैठक ठरली. त्यांत पुण्याचे एक ज्येष्ठ गृहस्थ होते. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणायची. त्यांनी माझी यादी पडद्यावर उघडली आणि हसत म्हणाले, “आता बघा, ‘एम्प्टी द टँक’. आमच्या झाशीच्या ताई काय लिहितात? टाकी खाली करा! अहो, कुठून खाली करायची? क्रेन आणायची का?”

सगळे हसले. समन्वयकही हसली.

“सर, तो रकाना वाचा,” मी म्हणाले. “वरती ‘वापरू नये’ लिहिलंय.”

पण ते बोलतच होते. “आणि हे विसळणे! हा तांत्रिक ग्रंथ आहे की भांडी घासायचा वर्ग? प्रक्षालन म्हणतात त्याला. दोष त्यांचा नाही. दोनअडीचशे वर्षं महाराष्ट्राबाहेर राहिल्यावर मराठी अशीच होणार.”

मी पुन्हा म्हणाले, “सर, मी तो शब्द नाकारलेला आहे.” पण कुणीतरी दुसरा विषय काढला. समन्वयक म्हणाली, “ताई, आपण यादीवर नंतर बोलू. वेळ कमी आहे. सगळ्यांनी काम सुरू करा. शब्द शेवटी एकसारखे करून घेऊ.”

बैठक संपली. मी खुर्चीतच बसून राहिले. खालून सासूबाईंनी जेवायला हाक मारली तरी उठवेना. एखाद्याने चूक दाखवली असती तर मी पदर खोचून दुरुस्त केली असती. पण जी चूक होऊ नये म्हणून मी लिहिलं, तीच माझ्या नावावर टाकून हे लोक हसले, आणि वर माझ्या घराण्यालाही मराठी शिकवून गेले. आमच्या घरात अजून संध्याकाळी दिवा लावून परवचा म्हणतात. हिंदीने आमचं बोलणं भरलंय, मान्य. म्हणूनच तर कोणता शब्द कुठून आला हे आम्हाला तोलून बघावं लागतं. ज्याला कधी तोलावंच लागलं नाही त्याला ते काय कळणार?

मी सविस्तर मेल केली, त्या पानाचं चित्र जोडून. उत्तर आलं, “ओके ताई, नोट केलं.” एवढंच.

काम सुरू झालं. माझ्या वाट्याची प्रकरणं मी माझ्याच यादीप्रमाणे केली. काही आठवड्यांनी संस्थेने सगळ्यांची सुरुवातीची प्रकरणं एकत्र करून दुग्धशाळेला नमुना म्हणून पाठवली. दुसऱ्याच दिवशी समन्वयकाने अभियंत्यांना आणि मला एकाच फोनवर घेतलं.

अभियंते शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. “मॅडम, एकच व्हॉल्व्ह आहे. एका पानावर तो व्हॉल्व्ह, दुसऱ्यावर झडप, तिसऱ्यावर द्वार. माझा ऑपरेटर तीन वस्तू शोधत बसेल. आणि साफसफाईचं प्रकरण कोणी केलंय? पाण्याचं धुणं आणि कॉस्टिकचं धुणं, दोन्हींना ‘प्रक्षालन’. कॉस्टिक फिरवून झालं आणि पुढे पुन्हा ‘प्रक्षालन’ दिसलं, तर माणूस म्हणेल, हे तर झालंच. पाणी फिरवायचंच राहील. पाइपमधलं कॉस्टिक दुधात जाईल. पिणार कोण ते दूध?”

ते प्रकरण सरांचं होतं. मी त्यांचं नाव घेतलं नाही. तेही मला जड गेलं.

अभियंत्यांनी फोन ठेवला आणि समन्वयक मला म्हणाली, “ताई, तुम्ही आता सगळ्या फायलींत संगणकावर शोधा-बदला करून द्या ना. एका दिवसात होईल.”

तेव्हा मात्र माझा तोल सुटला.

“एका दिवसात? झडप ती आहे आणि व्हॉल्व्ह तो. ‘मोठी झडप उघडी ठेवा’ यात शब्द बदललास की ‘मोठी व्हॉल्व्ह उघडी ठेवा’ होईल. झडपेचा, झडपेला, झडपा, झडपांमधून, ही सगळी रूपं तुझा संगणक शोधणार आहे का? आणि ‘प्रक्षालन’ कुठे पाणी आहे आणि कुठे कॉस्टिक, ते मूळ वाक्य वाचल्याशिवाय कुणाला कळणार? हे सगळं होऊ नये म्हणूनच मी यादी केली होती. तुम्ही हसून ती बाजूला ठेवलीत. आता निस्तरायला मीच का?”

ती हळूच म्हणाली, “ताई, मी तेव्हा तो रकाना पाहिला होता. सरांना कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले.”

हे ऐकून राग कमी होईल असं वाटलं होतं. उलट वाढला. कळूनही ती हसली होती.

मी म्हणाले, “सगळ्यांचं काम आजपासून थांबव. अभियंत्यांना बैठकीला बसव. यादीतला एकेक शब्द पक्का होऊ दे. त्यानंतर ज्याची प्रकरणं त्यानेच दुरुस्त करायची. हे जमत नसेल तर मी या कामात नाही.”

तिने काम थांबवलं. बैठक झाली. अभियंत्यांनी विसळणे कायम ठेवलं, व्हॉल्व्ह कायम ठेवला. ‘सावधान’ शब्द सरांना खटकत होता. ते म्हणाले, चारही शब्द नामं असावेत, ‘खबरदारी’ घ्या. ते बरोबर होतं. मी तिथल्या तिथे बदललं. टाकीचा शब्द आला तेव्हा समन्वयकाने रकान्याचं शीर्षक मोठ्याने वाचलं. सर चष्मा पुसत म्हणाले, “हां, असं आहे होय,” आणि पुढच्या शब्दावर गेले.

माफी नाही. साधं “चुकीचं वाचलं” एवढंही नाही.

यादी कुलूपबंद झाली. ज्याला नवा शब्द हवा असेल त्याने मला वाक्यासकट विचारायचं, मी अभियंत्यांशी बोलून ठरवायचं आणि ते सगळ्यांना एकदम कळवायचं, असं ठरलं. सरांनी आपलं साफसफाईचं प्रकरण पुन्हा लिहिलं. मी तपासायला घेतलं, चूक सापडावी अशा मनानेच घेतलं, खोटं कशाला बोलू. सापडली नाही. वाक्यं सुरेख होती, कुठेही अडखळत नव्हती. त्याचाही मला राग आला.

पुस्तिका गेल्या. अभियंत्यांनी स्वीकारल्या. घरी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “चला, झालं ना नीट? अब छोड़ो भी.” सदर बाजारातून तो माझ्यासाठी गरम समोसे घेऊन आला होता. मी खाल्ले, पण सोडलं नाही.

पुढच्या कामासाठी समन्वयकाचा फोन आला, या वेळी पॅकिंगच्या यंत्रांचं. “ताई, शब्दसूची पक्की झाल्याशिवाय कुणालाही फाइल देणार नाही, मी लिहून देते. एक विचारायचं होतं. सरांना घ्यायचं का?”

“घे,” मी म्हणाले. “लिहितात चांगलं. पण बैठकीत माझी मराठी झाशीची आहे की कुठली, यावर कुणी बोललं, तर त्यांना तिथेच थांबवायचं काम तुझं. माझं नाही.”

“हो ताई,” ती म्हणाली.

मी फायली मागवल्या.