एका रविवारची सुट्टी

वडवणीच्या बालविकास कार्यालयात मी कारकून होतो. मुदती मोजाव्यात तर मीच, असा माझा लई तोरा. कुणी बोटांवर मोजत बसलं की मी हसायचो.

अंगणवाडी मदतनिसाच्या जागेची तात्पुरती यादी एका सोमवारी लागली. त्याच दिवशी जवळच्या गावची एक बाई आली. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं, घरात दोन लेकरं. अर्जाला मृत्यूचा दाखला जोडला होता, तरी यादीत विधवेचे जादा गुण धरलेच नव्हते. ते धरले असते तर जागा तिचीच. हरकतीला मुदत दहा कामाच्या दिवसांची, आणि दाखल्याची नवी प्रत सोबत हवी. ग्रामपंचायतीतून ती मिळायला दीड आठवडा तरी जाणार.

तिनं विचारलं, "भाऊ, पंधरा दिसांनी मंगळवारी मालकाचं वर्षश्राद्ध हाय. बुधवारी आलं तर चालंल का?"

भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून मी फटकन हिशेब केला. उद्यापासून दहा दिवस, त्यात दोन शनिवार-रविवारचे चार, वर दोन सुट्ट्या. झाले सोळा. "बुधवार शेवटचा, ताई. बिनधास्त या. आधी श्राद्ध उरका."

ती बुधवारी सकाळी पहिल्या गाडीनं आली. अर्ज, प्रत, सगळं नीट पिशवीत. मी अर्ज आवक नोंदवहीत चढवायला घेतला, तेवढ्यात आमच्या अधिकारी मॅडम म्हणाल्या, "मुदत काल संपली की!"

मी तावातावानं कॅलेंडर उतरवलं आणि एकेक दिवस मोजायला लागलो. दोन सुट्ट्यांपैकी एक गुरुवारची. दुसरी जयंती, ती पडलेली रविवारी. तो रविवार मी एकदा रविवार म्हणून वगळला होता आणि पुन्हा सुट्टी म्हणून वगळला. पंधराच दिवस होत होते. मंगळवारच शेवटचा!

चूक माझी आहे, असं मी लिहून दिलं. मॅडमनी ते वर पाठवलंही. मुदतीनंतरची हरकत घेता येत नाही, असं उत्तर आलं. अंतिम यादीत दुसरीचं नाव लागलं.

हे सांगायला मी स्वतः तिच्या गावी गेलो. शिव्या घालील असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पाणी दिलं.

म्हणाली, "प्रत शुक्रवारीच हातात आलती, भाऊ. सोमवारी बी येता आलं असतं. मी पेरांवर मोजलं तवा मंगळवारच येत हुता. मग म्हणलं, आपण अडाणी, आपलंच चुकलं आसंल."