नोटिशीची शेवटची ओळ

धायरीत मच्छिंद्रला विचारा, शाळेची व्हॅन कोणाची चांगली, तर तो दुसऱ्या कोणाचं नाव तोंडातून काढायचा नाही. आणि खोटं कशाला बोलायचं, होतीच त्याची चांगली. तेरा वर्षांत त्याच्या व्हॅनमधल्या एकाही पोराची घंटा चुकली नव्हती. दांडेकर पुलावर गर्दी असो, पाऊस असो, गणपती असोत, सातला पाच कमी असताना नारायण पेठेतल्या शाळेच्या दारात त्याची पांढरी व्हॅन उभी म्हणजे उभी. शिक्षण सातवी. पण कुठल्या पोराला गाडी लागते, कोणाच्या डब्यात शेंगदाण्याचा कूट चालत नाही, हे त्याला आयांपेक्षा जास्त पाठ. घरातही तो थोरला. दोन भावांना त्यानं कामाला लावलं, बहिणीचं लग्न करून दिलं, आणि हे सगळं तो रोज एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगायचाच.

त्या फाल्गुनात बहीण तुळजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. तिचा दवाखाना दांडेकर पुलाच्या अलीकडे, म्हणजे व्हॅनच्या वाटेवरच. सोमवारी सकाळी लवकरची, उपाशीपोटीची तपासणी होती, तर मच्छिंद्र म्हणाला, रिक्षा कशाला, भावाची गाडी काय मेली आहे का. तिला मधल्या सीटवर बसवलं. पोरं दाटीवाटीनं. आनंदनगरला दिगंबरपंतांचा श्रीनिवास चढला, दुसरी ‘ब’ मधला. एरवी पाच मिनिटं गप्प न बसणारं पोर त्या दिवशी मलूल होतं. तुळजानं त्याला मांडीवर घेतलं आणि पुलापर्यंत ते तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं. आरशातून ते पाहून मच्छिंद्रला बरं वाटलं होतं. हिला लेकरांचा लळा आहे, म्हणाला.

मंगळवारी श्रीनिवास आला नाही. बुधवारी शाळा सुटताना वर्गाच्या बाई, सुनीतीबाई, हातात कागद घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. दुसरी ‘ब’ मध्ये पाच मुलांना कांजिण्या आल्या होत्या. हजर मुलांच्या डायरीत नोटीस चिकटवली होती, आणि गैरहजर मुलांच्या नोटिसा त्यांनी व्हॅनवाल्या काकांच्या हवाली केल्या. मच्छिंद्रच्या वाट्याला दोन आल्या आणि एक बाईंनी त्यालाही दिली. व्हॅनमध्ये सगळ्या वर्गांची मुलं एकत्र बसतात, तेव्हा तुम्हीही लक्ष ठेवा, म्हणाल्या.

झालं. सुनीतीबाईंनी लक्ष ठेवा म्हणायचं आणि मच्छिंद्रनं ठेवायचं नाही, असं होईल का? त्यानं नोटीस स्टिअरिंगला टेकवून वाचली आणि गुरुवारपर्यंत पाठ केली. अंगावर फोड दिसले की मुलाला शाळेत पाठवू नये. फोड आल्यापासून निदान पाच दिवस घरी ठेवावं. त्यानंतरही नवीन फोड येत असतील किंवा एखादा ओला असेल, तर सगळ्यांवर खपली धरेपर्यंत थांबावं. खपल्या गळून पडायची वाट पाहायला नको. परत येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. तापासाठी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. अंगावर काही नसलेल्या भावंडांनी शाळेत यावं, पण तीन आठवडे त्यांच्यावर नजर ठेवावी. घरात कोणाला कांजिण्या आल्या तर शाळेला कळवावं. खाली अजून एक ओळ होती. तीही त्यानं वाचली होती. पण ती पोरांबद्दल नव्हती, म्हणून पाठ केली नाही.

रोज सकाळी व्हॅनच्या दारात तो एकेकाचं तोंड, मान, कानामागची जागा बघू लागला. आया हसायच्या. पण वडगावची एक मुलगी त्यानंच दारातून परत पाठवली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या पोटावर फोड उठले. मग तर विचारायलाच नको. ही गोष्ट त्यानं पेट्रोल पंपावर सांगितली, टपरीवर सांगितली, घरी तर दोनदा.

शनिवारी सकाळी आनंदनगरच्या कोपऱ्यावर दिगंबरपंत श्रीनिवासला घेऊन उभे. मूळचे नारायण पेठेतले, फ्लॅट इकडे घेतला तरी पोराची शाळा काही सोडली नव्हती. बँकेतले गृहस्थ, बोलणं मोजून. मुलाची चाचणी आहे, ताप उतरलाय, न्या म्हणाले. मच्छिंद्रनं पोराची कॉलर मागं केली. मानेवर खपल्या होत्या, पण कानामागं दोन फोड अजून पाण्यानं टचटचीत.

न्यायचा नाही, तो म्हणाला. पाच दिवसही झालेले नाहीत आणि फोड ओले आहेत.

“आपण व्हॅन चालवता की दवाखाना?” दिगंबरपंत म्हणाले.

मच्छिंद्रनं खिशातून नोटीस काढली आणि कागदाकडं न बघता सगळे नियम घडाघडा म्हणून दाखवले. व्हॅनमधली पोरं कौतुकानं ऐकत होती. त्याचं संपल्यावर दिगंबरपंतांनी तो कागद त्याच्या हातातून घेतला, उलगडला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे राहिलं. ‘घरात गरोदर स्त्री असेल आणि तिला पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील, तर तिनं ताबडतोब डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “सोमवारी हा आपल्या बहिणीच्या मांडीवर बसून गेला. स्वतःच सांगत होता. फोड येण्याच्या आधीचे एकदोन दिवसही लागण होते, आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. मला वाटलं, तुम्ही विचारलं असेल.”

“आमच्या घरात सगळ्यांना होऊन गेल्यात,” मच्छिंद्र म्हणाला. “आमचं घर तसं पक्कं आहे.”

पण पुढचे दोन कोपरे त्यानं कोणाची मान तपासली नाही.

घरी आल्या आल्या त्यानं आईला, सोजरबाईला, विचारलं. विचारलं कसलं, सांगितलंच. आम्ही चौघंही कडुलिंबाच्या पाल्यावर झोपलो होतो ना गं, तुळजाला पण आल्या होत्या की. सोजरबाई तांदूळ निवडत होती.

“तिघं,” ती म्हणाली. “तुळजा न्हवती. तिला म्या पानशेतला मामाकडं धाडली व्हती. बारकं लेकरू हाय, तुमच्या अंगावरचं तिला लागू ने म्हून.”

“नंतर कधी?”

“न्हाई. कवाच न्हाई.”

तुळजा दारात उभी होती. तिनं ऐकलं, पण काय झालंय हे तिला कळलं नव्हतं. मच्छिंद्रला कळलं होतं, आणि तिला गाडीत बसवताना आपण काय बोललो होतो, तेही आठवलं.

तासाभरात दोघं दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे एकेक विचारलं. कोणत्या दिवशी, किती वेळ, किती जवळ, मुलाला फोड कधी दिसले. मच्छिंद्रनं सगळं सांगितलं, वर नोटीसही दाखवली. नोटीस बुधवारी मिळाली होती ना, एवढंच त्यांनी विचारलं. मग रक्त घेतलं. अंगात कांजिण्यांविरुद्धची ताकद आहे का ते त्यात कळेल, म्हणाल्या. लहानपणी एखाददुसरा फोड येऊन गेला असेल आणि कोणाच्या ध्यानात नसेल, असंही होतं. त्या एका वाक्यावर मच्छिंद्रनं शनिवार-रविवार काढला.

सोमवारी रिपोर्ट आला. ताकद नव्हती. असं असताना द्यायचं एक इंजेक्शन असतं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोर तीन ठिकाणी फोन लावले, कुठं मिळालं नाही. मग त्यांनी त्या विषाणूवरच्या गोळ्या त्याच दिवसापासून सात दिवस लिहून दिल्या. गोळ्या घेऊनही फोड येऊ शकतात, पण जोर कमी राहतो. मोठ्या माणसाला कांजिण्या लहान मुलासारख्या सोप्या जात नाहीत, आणि गरोदरपणात तर छातीत उतरायची भीती असते. दम लागला तर रात्र-पहाट बघायची नाही, थेट यायचं.

उठता उठता त्यांनी आणखी एक सांगितलं. उद्यापासून, त्या सोमवारला चार आठवडे पुरे होईपर्यंत हिला बाहेरच्या बाकावर बसवायचं नाही. तिथं सगळ्या पोटुशा बायका बसतात. फोन करून यायचं आणि गाडीतच थांबायचं.

पोरांना व्हॅनच्या दारातून परत पाठवणारा मच्छिंद्र मान डोलावून बाहेर पडला.

त्यानंतर घरात दिवस मोजणं सुरू झालं. सोजरबाईनं दाराला कडुलिंबाची डहाळी बांधली. तुळजाला उगाच हसू यायचं. दादा, माझ्या पण कानामागं बघतोस का, म्हणायची. तो बघायचा. दहावा दिवस, बारावा, चौदावा. पंधराव्या दिवशी सकाळी तिनंच हाक मारली. पोटावर, बेंबीच्या वर, तीन फोड.

नोटिशीत लिहिलं होतं, घरात कोणाला आल्या तर शाळेला कळवावं. न कळवलं असतं तर कोणाला समजलं असतं? धायरीतलं घर, नारायण पेठेतली शाळा. तिला डॉक्टरीणबाईंना दाखवून मच्छिंद्र शाळेत गेला आणि सुनीतीबाईंपुढं उभा राहिला. बाई म्हणाल्या, तुम्हाला होऊन गेल्यात, तेव्हा तुमच्यापासून मुलांना धोका नाही. नियमानं तुम्ही गाडी चालवू शकता. फक्त बहिणीला गाडीतून नेलंत की मुलं बसायच्या आधी काचा उघडून गाडी मोकळी ठेवा, पुसून घ्या. पालकांना मात्र तुम्हीच सांगा.

त्यानं सांगितलं. दुसऱ्या सकाळी प्रत्येक कोपऱ्यावर खाली उतरून, एकेकाला. चार घरांनी त्यानंतर मुलं पाठवली नाहीत. तेरा वर्षांत असं झालं नव्हतं. एक आई तर त्याच्यादेखत मुलीची कॉलर मागं करून कानामागं बघू लागली.

आनंदनगरला दिगंबरपंत उभे होते. श्रीनिवास चिठ्ठी आणून केव्हाच शाळेत जायला लागला होता. मच्छिंद्रचं ऐकून त्यांनी श्रीनिवासच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“त्या सोमवारी सकाळी याचं अंग कोमट लागलं होतं,” ते म्हणाले. “चाचणी बुडेल म्हणून पाठवला. हे मी तुम्हाला शनिवारी सांगितलं नाही.”

बुधवारपासून शनिवारपर्यंत ती ओळ मच्छिंद्रच्याही खिशात होती.

“बहिणीला दम लागतोय का?”

“अजून नाही.”

“मग सांगत जा रोज,” दिगंबरपंत म्हणाले आणि पोराला गाडीत बसवलं.

पुढचे सहा दिवस मच्छिंद्र तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून जेवला. ती बोलता बोलता थांबली की ह्याचा घास हातात राहायचा. फोड पन्नाससाठ आले, एक दिवस ताप चढला, खोकला आला आणि गेला. सहाव्या दिवशी शेवटच्या फोडावर खपली धरली. त्यानं पाठ, मान, कानामागं, सगळं दोनदा पाहिलं. मग दवाखान्यात फोन केला.

व्हॅन गल्लीत उभी केली. डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या, खपल्या बघितल्या, आणि मागच्या दारानं तिला खोलीत घेतलं. पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. मग टकटक टकटक, घाईघाईनं, घंटा चुकेल म्हणून कोणी धावत निघाल्यासारखं.

ठोके चांगले आहेत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण सोनोग्राफी करून बघत राहू. बाळंतपण होईपर्यंत मी काही मोठं बोलणार नाही.

“तुम्हीही बोलू नका,” त्या मच्छिंद्रकडं बघून म्हणाल्या. रिपोर्टच्या सोमवारी, तो हातात पडायच्या आधी, मच्छिंद्र त्यांच्या कंपाउंडरला आपल्या घराच्या पक्केपणाबद्दल काय सांगून गेला होता, ते त्यांच्या कानावर आलं असावं.

त्यानं तुळजाला धरून गाडीपर्यंत आणलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि मागच्या सगळ्या काचा उघडल्या. समोरच्या खणातली नोटीस घडीवर विरायला आली होती. टाकून दे की आता, तुळजा म्हणाली. त्यानं ती परत आत ठेवली. बाळंतपणाला अजून दोन महिने जायचे होते.