तिच्या हातचा अर्ज

बायको गेली तेव्हा मंडळी म्हणाली, तिनं कधी तोंड वर करून काही मागितलं नाही. मागितलं होतं की, एकदाच. बँकेत. ते मी बुडवलं.

खुटबावला आम्ही राहायचो ते रान तिचं, तिच्या बापानं दिलेलं. सात-बारा तिच्या नावावर. मी न्हावऱ्याचा, तिकडं माझ्या वाटणीचं दीड एकर. सासऱ्याच्या रानात राहतो म्हणून लोक टोचायचे, ते मला झोंबायचं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तिला दोन गाई घ्यायच्या होत्या. सहकारी बँकेच्या शाखेत कर्जाचा अर्ज तिनं स्वतःच लिहिला. मी दुसरीत शाळा सोडलेली, ती चौथी पास. लिहिलं होतं, ‘साहेब, मला दोन गाई घ्यायच्या हायेत. गोठा मी बांधलाय. वैरण माझ्याच रानात होते. धार मीच काढणार. दुधाचे पैसे माझ्या पासबुकात पडावेत म्हणून अर्ज करते.’

मला वाटलं, ही काय बँकेत द्यायची भाषा आहे? हसतील. तिला न सांगता कागद घेऊन मी रिटायर झालेल्या गुरुजींकडं गेलो. सगळा गाव त्यांच्याकडूनच अर्ज तपासून घ्यायचा. त्यांनी चष्मा लावला न् लाल पेन काढलं.

“‘हायेत’ नाही, ‘आहेत’. वर ‘प्रति, माननीय शाखाधिकारी साहेब’ पाहिजे. ‘विषय’ पाहिजे. आणि हे पासबुकाचं कशाला? धार कोण काढणार याच्याशी बँकेला काय देणंघेणं?”

“काढा मग,” मी म्हणालो.

त्यांनी नव्या कागदावर सुवाच्य उतरवून दिलं. ‘सदर अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, दुग्धव्यवसायाकरिता दोन संकरित गाई खरेदी करावयाच्या आहेत, तरी कर्ज मंजूर होऊन मिळावे.’ शेवटी ‘आपली विश्वासू’. बाईमाणसाचा अर्ज म्हणून ‘करतो’ कुठं राहिलं नाही ना, ते दोनदा बघितलं. एकही चूक नव्हती. जुना कागद घडी घालून मी खिशात ठेवला.

घरी ती भाकरी थापत होती. म्हणालो, “बँकेला पक्का कागद लागतो. गुरुजींनी उतरवून दिलाय, सही कर.”

“माझंच हाय न्हवं?”

“तुझंच की.”

हात धुऊन तिनं सही केली. वाचलं नाही. नवऱ्यानं सांगितलं, मग वाचायचं काय.

उतारे, सोसायटीचं काही देणं नाही असा बेबाकी दाखला, दोन जामीनदार, सगळं जोडून झालं. आठवड्यानं शाखेच्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. माणूस तसा बरा होता. मला बाजूच्या बाकावर बसवलं न् तिला विचारलं, “मावशी, अर्ज कुणी लिहिला?”

“मीच लिव्हलाय. गुरुजींनी नुसता उतरवला,” ती ताठ मानेनं म्हणाली.

साहेबांनी अर्ज तिच्याकडं फिरवला. “मग वाचा बरं.”

ती बोट ठेवून वाचायला लागली. ‘सदर’ झालं, ‘विनंतीपूर्वक’ झालं, मग बोट थांबलं. खाली वर बघितलं. “हे माझं न्हाई, साहेब. मी लिव्हलेलं ह्यात कायबी न्हाई.”

साहेबांनी अर्ज मिटला न् माझ्याकडं बघितलं. “आप्पा, बायकोच्या नावावर उचलायचं न् आपण वापरायचं, असले अर्ज महिन्याला चार येतात माझ्याकडं. ह्यांना तर अर्जात काय आहे तेच माहीत नाही.”

तिचा कागद माझ्या खिशात होता. काढून टेबलावर ठेवला असता तर तिथंच मिटलं असतं. पण दोन कारकून बघत होते, न् ते वाकडं अक्षर, ते ‘हायेत’ त्यांच्यापुढं ठेवायला माझा हात उठला नाही. मी म्हणालो, “बरं साहेब.”

अर्ज परत मिळाला.

बाहेर एसटीची वाट बघताना मी तिला खरं सांगितलं न् कागद दिला. तिनं तो उलगडला नाही.

“अवो, तिथं का न्हाई काढला?”

“कारकून बघत होते,” मी म्हणालो.

“लाज कशाची वाटली? अक्षराची का माझी?”

एसटी आली. मी पुढं चढून तिच्यासाठी जागा धरली.

मी म्हणालो, पुढच्या महिन्यात परत करू, तुझ्याच अक्षरात. ती म्हणाली, “आता तुमच्याच नावानं करा. तुम्हाला वाचून दाखवायला कोण सांगतंय?”

आणि मी केला, हे आज सांगतोय. न्हावऱ्याच्या दीड एकराचा उतारा जोडला, जामीनदार म्हणून सही तिची घेतली. गुरुजींनी तोच मजकूर उतरवला, फक्त ‘करते’चं ‘करतो’ केलं. साहेबांनी मला काही वाचायला सांगितलं नाही. पंधरा दिवसांत गाई दारात आल्या. दोन्ही वेळच्या धारा शेवटच्या दुखण्यापर्यंत तिनंच काढल्या. डेअरीच्या चिठ्ठीवर नाव माझं. हातखर्चाला पैसे लागले तर ती माझ्याकडं मागायची, तेही गोठ्यातनंच, माझ्याकडं न बघता.